दूध संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक: शीतकरण, उत्पादकांची बिलं आणि दिवाळीचा बोनस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर-सांगली भागातल्या गावपातळीवरच्या प्राथमिक दूध संस्था डोळ्यांसमोर ठेवून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. संस्था गावात दूध गोळा करते, स्वतःच्या बल्क कूलरमध्ये गार करते आणि जिल्हा संघाच्या टँकरला देते. उदाहरणातली संस्था नमुन्यादाखल रचलेली आहे आणि दरही हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या संघाचं दरपत्रक आणि तुमचं वीजबिल समोर ठेवून आकडे बदला, रीत तीच राहील.

आमची उलाढाल पावणेदोन-दोन कोटींची आहे. मग अंदाजपत्रक एवढं तंग का?

कारण त्या दोन कोटींतलं जवळजवळ सगळं संस्थेचं नसतं. आपली नमुना संस्था घ्या. १२० उत्पादक, रोजचं सरासरी दीड हजार लिटर गाईचं दूध. महिन्याला तीन बिलं म्हणजे वर्षाला ३६, आणि एका बिलात सरासरी १५,००० लिटर. वर्षाचं दूध झालं ५ लाख ४० हजार लिटर. उत्पादकाला सरासरी ३४ रुपये धरले तर १ कोटी ८३ लाख ६० हजार रुपये संघाकडून येतात आणि तसेच उत्पादकाच्या खात्यावर जातात. संस्था मध्ये फक्त पोस्टमनसारखी उभी असते.

संस्थेच्या हातात उरतं ते लिटरमागचं कमिशन आणि शीतकरणाचा मोबदला. उदाहरणात कमिशन दीड रुपया आणि शीतकरणाचे ८० पैसे धरले आहेत. म्हणजे पगार, वीज, डिझेल, ऑडिट आणि शेवटी बोनस, सगळं या २ रुपये ३० पैशांत बसवायचं. अंदाजपत्रक रुपयांत मांडा, पण शेजारी एक रकाना लिटरमागच्या पैशांचा ठेवा. संचालकांच्या बैठकीत “पाच पैसे जास्त गेले” म्हटलं की सगळ्यांना कळतं. “सत्तावीस हजार जास्त गेले” म्हटलं की कुणी मान वर करत नाही, आणि दोन्हींचा अर्थ एकच.

पूर्ण वर्षाचं अंदाजपत्रक कसं दिसतं?

| बाब | रुपये |
|---|---|
| संघाचं कमिशन (लिटरला १.५०) | ८,१०,००० |
| शीतकरण मोबदला (लिटरला ०.८०) | ४,३२,००० |
| सँपलचं दूध | १,१०,००० |
| पशुखाद्यावरचं कमिशन | ४८,००० |
| एकूण उत्पन्न | १४,००,००० |
| शीतकरण खर्च (कूलरवरच्या माणसासह) | ४,१३,३२० |
| सचिव आणि टेस्टरचा पगार, तिघांचा दिवाळीचा एक पगार | ३,६०,००० |
| तपासणी, छपाई, संगणक | ६०,००० |
| ऑडिट आणि वार्षिक सभा | ३५,००० |
| फोन, ऑफिसची लाइट | १५,००० |
| लिटर आणि फॅटची तूट | ७७,२२० |
| दूध नासण्याची तरतूद | ५१,००० |
| एकूण खर्च | १०,११,५४० |
| शिल्लक | ३,८८,४६० |

उत्पादकांचं बिल यात मुद्दाम धरलेलं नाही, ते दोन्ही बाजूंना सारखंच आहे. खालच्या दोन खर्चांकडे नीट बघा. तूट आणि नासाडी यांची तरतूद बहुतेक संस्था करतच नाहीत, आणि मार्चअखेर नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतात. नासाडीची तरतूद म्हणजे वर्षात एक भरलेली टाकी, १,५०० लिटर, संघानं नाकारली असं धरून ठेवलेली रक्कम आहे. अशी टाकी गेली नाही तर चांगलंच.

सँपलचं दूध हे उत्पन्न कसं? ते तर सभासदाचं आहे.

आहेच सभासदाचं. प्रत्येकाच्या दुधातून दोन्ही वेळेला ४० मिलीच्या आसपास नमुना घेतला तर १२० जणांचे रोज साडेनऊ लिटर होतात. तपासणीत थोडं जातं, ९ लिटर परत टाकीत पडतं. वर्षाला ३,२८५ लिटर, ३४ रुपयांनी १ लाख ११ हजार. ज्या संस्थेत नमुना मोठ्या मापानं घेतात तिथे हा आकडा दुप्पट होतो आणि गावात कुजबूज सुरू होते, ती रास्तही असते.

माझं म्हणणं एवढंच की नमुन्याचं माप ठरवा, ते फलकावर लिहा आणि त्या दुधाची रोज स्वतंत्र नोंद करा. ही नोंद नसली तर दुसरी, जास्त मोठी गोष्ट लपते. सँपलचं दूध गुपचूप टाकीत पडतं आणि तुटीचा खड्डा बुजवतं. काटा चुकीचा आहे की टेस्टिंग मशीन, हे मग वर्षभर कळत नाही.

शीतकरणाला लिटरमागे खरा खर्च किती येतो? वीजबिलावरून काढता येतो का?

नुसत्या वीजबिलावरून काढाल तर फसाल. आधी वीज किती लागते ते बघू.

धार काढून डेअरीत आलेलं दूध साधारण ३५ अंशांचं असतं. ते ४ अंशांवर आणायचं. हजार लिटर दुधातून एवढी उष्णता काढायची म्हणजे सुमारे ३५ युनिटइतकी ऊर्जा बाहेर टाकायची. पण कॉम्प्रेसर एक युनिट वीज खाऊन अडीच-तीन युनिट उष्णता उपसतो, त्यामुळे प्रत्यक्षात १२ ते १४ युनिट लागतात. वरून ढवळणी, दिवसभर टाकीत शिरणारी बाहेरची उष्णता, धुण्याचं गरम पाणी. सगळं धरून हजार लिटरला २० युनिट हा अंदाजपत्रकासाठी सुरक्षित आकडा आहे.

५ लाख ४० हजार लिटरला १०,८०० युनिट झाले. यातले १० टक्के जनरेटरवर धरू. उरलेले ९,७२० युनिट महावितरणचे, स्थिर आकारासह सरासरी १० रुपयांनी ९७,२०० रुपये. जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये तीनेक युनिट देतो, म्हणजे १,०८० युनिटला ३६० लिटर डिझेल. लिटरला ९२ रुपये धरले तर ३३,१२०. दोन्ही मिळून १ लाख ३० हजार ३२०, लिटर दुधामागे २४ पैसे.

आता बाकीचं. टाकी आणि नळ्या धुण्याची रसायनं ३०,०००. दुरुस्ती, गॅस, वार्षिक देखभाल ४५,०००. कूलर आणि जनरेटर मिळून १० लाखांचे धरले तर १० टक्क्यांनी घसारा १ लाख. कूलरवरच्या माणसाचा पगार वर्षाला १ लाख ८ हजार. एकूण ४ लाख १३ हजार ३२०, म्हणजे लिटरला जवळजवळ ७७ पैसे. मिळतात ८०. शीतकरणातून संस्थेला काही मिळतंय असं वाटत असेल तर ते फक्त घसारा धरला नाही म्हणून वाटतं.

घसारा तर कागदावरचा खर्च. तो का मोजायचा?

कॉम्प्रेसर जळतो तो कागदावर जळत नाही. दरवर्षी बाजूला पडलेला लाख रुपया सात-आठ वर्षांनी नवा कूलर आणतो. तो लाख बोनसमध्ये वाटून टाकणारी संस्था त्या दिवशी जिल्हा बँकेच्या दारात उभी राहते. घसाऱ्याइतकी रक्कम खरोखरच ठेवीत गुंतवा, नाहीतर ती चालू खात्यात खपून जाते.

वीज वारंवार जाते. त्याचा हिशोबावर किती परिणाम होतो?

वरच्या आकड्यांत जनरेटरनं दहातलं एकच युनिट दिलं, पण ऊर्जेच्या खर्चातला पाव हिस्सा खाल्ला. डिझेलचं युनिट ३० रुपयांच्या वर पडतं, वीज मंडळाचं दहाला. हाच वाटा १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेला तर वर्षाला साडेतेहतीस हजार वाढतात, लिटरमागे सहा पैसे. ७७ चे ८३ होतात आणि शीतकरण तोट्यात जातं.

यावर फुकटचा उपाय एकच आहे. फीडरवरची वीज कुठल्या वारी, कुठल्या वेळी जाते याची नोंद ठेवा आणि संकलनाची वेळ शक्य तितकी तिच्या बाहेर बसवा. संध्याकाळचं संकलन अर्धा तास पुढे-मागे केल्यानं जनरेटर वाचल्याची उदाहरणं आहेत. गावाला सवय लागायला वेळ लागतो, थोडी बोलणी खावी लागतात.

कूलर जास्त वीज खातोय हे कसं ओळखायचं?

कूलरला स्वतंत्र मीटर बसवा आणि दर दहा दिवसांच्या बिलाबरोबर हजार लिटरला किती युनिट गेले ते काढा. थंडीत २० च्या खाली, एप्रिल-मेमध्ये २२-२३ पर्यंत जाणं समजण्यासारखं आहे. २८ वर गेलं तर कुठेतरी बिघाड आहे. आधी कंडेन्सरच्या जाळीकडे बघा. वैरणीच्या काडीनं आणि धुळीनं ती भरते आणि तिथून उष्णता बाहेर जात नाही. मग खोलीकडे. गरम हवा खोलीतच फिरत असेल तर मशीन स्वतःचीच वाफ परत ओढतं. त्यानंतर कमी व्होल्टेज आणि कमी झालेला गॅस.

दुसरी खूण घड्याळात दिसते. दोन वेळेच्या दुधासाठी बनवलेल्या कूलरनं निम्मी टाकी ३५ वरून ४ अंशांवर साधारण तीन तासांत आणायला हवी. दूध ४ ला किती वाजता आलं ते वहीत रोज लिहा. तीनाचे साडेतीन, चार तास होत चालले की मेकॅनिकला बोलवा, मशीन बंद पडायची वाट बघू नका.

यातच एक मर्यादाही आहे. २,००० लिटरचा कूलर म्हणजे एका वेळेला १,००० लिटर. डिसेंबरात सकाळचं दूध ११०० वर गेलं तर रात्रीच्या गार दुधावर ते कोमट पडतं, टाकी बराच वेळ १० अंशांच्या वर राहते आणि संघाच्या मिथिलीन ब्लू चाचणीत, म्हणजे दुधातले जिवाणू दाखवणाऱ्या तपासणीत, त्याची किंमत मोजावी लागते. पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर असताना, कूलर मोठा दिसला पाहिजे आणि कृशकाळात, दूध कमी असताना, परवडला पाहिजे. खरेदीच्या वेळी सरासरी लिटर बघून निर्णय घेऊ नये तो यामुळे.

दूध कमी झालं की शीतकरणाचा खर्चही कमी होतो ना?

फार थोडा. ऊर्जा कमी लागते, पण पगार, घसारा, देखभाल आणि धुण्याचा खर्च तेवढाच राहतो. वर्षाचं दूध २० टक्क्यांनी घटून ४ लाख ३२ हजार लिटरवर आलं तर ऊर्जेचे १ लाख ४ हजार आणि बाकीचे २ लाख ८३ हजार कायम. लिटरमागे ९० पैसे पडतात, मिळणारे ८०च. म्हणून अंदाजपत्रक बारा समान महिन्यांत वाटू नका. ३६ बिलांचे ३६ आकडे मागच्या दोन वर्षांच्या संकलनावरून टाका. मे-जूनमध्ये तोटा दिसेल. तो अपेक्षितच होता हे कागदावर आधीपासून असलं की सचिवाला कुणी धारेवर धरत नाही.

आमच्या मशीनवर फॅट जास्त येते, संघाच्या पावतीवर कमी. फरक कुणी सोसायचा?

सोसते संस्था, म्हणून तर तरतूद केली. आपण २५ टक्के दुधाला एक पॉइंटचा, म्हणजे ०.१ फॅटचा, फरक धरला. एका पॉइंटला ३० पैसे, १ लाख ३५ हजार लिटरला ४०,५०० रुपये. लिटरची तूट ०.२ टक्के, १,०८० लिटरचे ३६,७२०. मिळून ७७,२२०.

पण फरक सोसण्याआधी तो वाचा. प्रत्येक वेळेला उत्पादकांच्या पावत्यांवरून भारित सरासरी काढा, म्हणजे प्रत्येकाचे लिटर गुणिले त्याची फॅट, सगळ्याची बेरीज भागिले एकूण लिटर. साधी सरासरी काढली तर दोन लिटरवाल्याची आणि तीस लिटरवाल्याची फॅट एकाच तोलाची ठरते आणि हिशोब आधीच बिघडतो. मग ही सरासरी संघाच्या टँकर पावतीशेजारी मांडा. फरक रोज एकाच बाजूला आणि साधारण तेवढाच असेल तर मशीनचं कॅलिब्रेशन हललं आहे. कधी वर कधी खाली होत असेल तर नमुना घेण्यात चूक आहे. टाकी पुरेशी ढवळायच्या आधीच टँकरवाल्यानं नमुना घेतला की साय वर आणि पातळ दूध खाली असं होतं. फक्त सकाळी किंवा फक्त संध्याकाळीच फरक येत असेल तर त्या वेळच्या दुधात पाणी शोधा, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातल्या घन पदार्थांचा आकडा सांगेलच.

आणि लिटरची तूट? आम्ही तर काट्यावर मोजतो.

काटा वजन मोजतो, पावती लिटरची निघते. मधला आकडा म्हणजे दुधाची घनता, साधारण १.०३. दीड हजार लिटर दुधाचं वजन १,५४५ किलो भरतं. यंत्रात कुणी १.०३ च्या जागी १.०२ भरून ठेवलं तर तेच दूध पावत्यांवर १,५१४ लिटरच्या पुढे दिसतं. रोज पावणेपंधरा लिटर, म्हणजे ५०० रुपये, संस्था न आलेल्या दुधाचे मोजते. वर्षाला १ लाख ८० हजारांच्या वर. पुढे बोनसच्या प्रश्नात बघाल, संस्थेचा सगळा बोनसच तेवढा आहे.

आकडा उलट, १.०४ असा भरला असेल तर तूट दिसण्याऐवजी दूध वाढतं. ते जास्त वाईट. तेवढे पैसे उत्पादकाच्या खिशातून काढलेले असतात आणि ज्या दिवशी कुणी घरून मोजून आणतो त्या दिवशी बसस्टँडपर्यंत बोभाटा होतो. वैधमापन विभागाची काट्याची पडताळणी वेळच्या वेळी करून घ्या आणि हा आकडा संचालकांसमोर तपासून सही घ्या.

संघाचं बिल उशिरा आलं तर उत्पादकांना पैसे कुठून द्यायचे?

एक बिल म्हणजे ५ लाख १० हजार रुपये. शिलकीच्या जोरावर एवढी रक्कम उभी राहत नाही, हे आधी मान्य करा. दहा दिवस संपल्यावर संघाचं बिल कितव्या दिवशी जमा होतं ते मागच्या वर्षाच्या पासबुकातून काढा आणि उत्पादकाला त्याच्यापुढची तारीख कळवा. पाचव्या दिवशी पैसे येत असताना तिसऱ्या दिवसाचं वचन देण्यात काही शहाणपण नाही. अडीअडचणीसाठी बँकेकडून एका बिलाएवढी कॅश क्रेडिट मर्यादा असावी आणि वापरली त्याच महिन्यात फेडावी.

शक्य असेल तर दोन खाती ठेवा. एकात उत्पादकांचे पैसे येतात आणि जातात, दुसऱ्यात कमिशन आणि शीतकरणाचे. वीजबिल पहिल्या खात्यातून भरलं गेलं की पुढच्या बिलाला भोक पडतं आणि ते पुढे सरकत राहतं. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, मार्चमध्ये कळतं की संस्था एक बिल मागे आहे.

पशुखाद्य आणि उचल बिलातून कापतो. कापायची मर्यादा किती असावी?

बिलाच्या निम्म्याहून जास्त कापू नये, हा व्यवहारातला चांगला नियम आहे. गाय आटली की उधारी कशातून वळती करणार? पोतं उधारीवर देताना जनावर कितव्या महिन्याचं गाभण आहे हे सचिवाला ठाऊक असतंच, ते विचारात घ्या. मार्चअखेर येणं राहिलेली पशुखाद्याची उधारी ४८ हजारांचं कमिशन खाऊन टाकू शकते.

शासनाचं दूध अनुदान अंदाजपत्रकात धरायचं का?

नाही. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि पुढे ७ रुपये जाहीर झाले, पण ते थेट उत्पादकाच्या बँक खात्यावर जाणारे, जनावराच्या कानातल्या टॅगशी जोडलेले होते. संस्थेच्या वाट्याला आलं ते माहिती भरण्याचं काम. हवं तर संगणकाच्या खर्चात थोडी वाढ धरा.

‘दर फरक’ आणि ‘बोनस’ एकच का?

गावात दोन्हीला बोनसच म्हणतात, दप्तरात मात्र वेगळे ठेवा. दर फरक संघाकडून येतो. वर्षभर दिलेल्या दुधाची ती उरलेली किंमत असते आणि संस्था ती पुढे पोहोचवते. बोनस किंवा रिबेट हा संस्थेच्या स्वतःच्या निव्वळ नफ्यातला वाटा, सभासदानं संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात. त्याला वार्षिक सभेची मंजुरी लागते.

दर फरकात एक फसगत असते. काही संघ फरकातली ठरावीक टक्केवारी डिबेंचर किंवा ठेव म्हणून कापून ठेवतात. समजा लिटरला १ रुपया २० पैसे जाहीर झाले, ६ लाख ४८ हजार. त्यातले २५ टक्के कापले तर हातात ४ लाख ८६ हजार येतात, लिटरला ९० पैसे. चेअरमननं सभेत आधीच १.२० सांगून टाकलं असेल तर दिवाळीला पंचाईत. पत्र नाही, रक्कम खात्यावर आल्यावर बोला. कापलेली रक्कम मालमत्तेच्या बाजूला दाखवा, तिचं व्याज मागा आणि मुदत संपल्यावर ती कुणाची याचा ठराव आत्ताच करून ठेवा.

३ लाख ८८ हजार शिल्लक आहे. सगळी वाटता येईल?

नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. आपल्याकडे ९७,११५. लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. भागभांडवल १ लाख २० हजार असेल आणि १० टक्के दिला तर १२,०००. इमारत किंवा यंत्रसामग्री निधीला ६०,००० ठेवू. उरले २ लाख १९ हजार ३४५. त्यातून लिटरला ३५ पैसे बोनस म्हणजे १ लाख ८९ हजार, आणि तीसेक हजार पुढच्या वर्षाला. पोटनियमांत आणखी निधी असतील तर ते आधी वजा करा.

रोज २० लिटर घालणाऱ्याला वर्षाच्या ७,३०० लिटरवर संस्थेचे २,५५५ आणि संघाच्या फरकाचे हाती आलेले ६,५७० मिळतात. हा आकडा लक्षात ठेवून मग शेजारच्या गावानं लिटरला किती दिले याची चर्चा करा. शेजारचा ७० पैसे देत असेल तर त्यानं घसारा धरलाय का, हे विचारा.

बोनस लिटरवर द्यावा की बिलाच्या रकमेवर?

माझ्या मते रकमेवर. लिटरवर दिला की पातळ दुधाला आणि घट्ट दुधाला सारखंच मिळतं. १ लाख ८९ हजार बोनस १ कोटी ८३ लाख ६० हजारांच्या दुधावर वाटला तर शंभर रुपयांमागे १ रुपया ३ पैसे पडतो. ७,३०० लिटर घालणारे दोघे घ्या, एकाला सरासरी ३६ चा दर पडलेला, दुसऱ्याला ३१ चा. पहिल्याला २,७०५ मिळतात, दुसऱ्याला २,३३०. लिटरवर दोघांनाही २,५५५ मिळाले असते. म्हशीचं आणि गाईचं दूध एकत्र असेल तर रकमेवर देण्यातच भांडण कमी. फक्त वर्षाच्या सुरुवातीला ठराव करा. दिवाळीच्या तोंडावर पद्धत बदलली की ती कुणासाठी बदलली याचीच चर्चा होते.

बोनस दिवाळीला हातात पडायचा तर कामाचा क्रम काय?

३१ मार्चला वर्ष संपतं. ऑडिट चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर पूर्ण व्हायला हवं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. सभेनं नफावाटणी मंजूर केली की दिवाळीच्या आधीच्या बिलाबरोबर रक्कम खात्यावर टाकता येते. ऑडिट रखडलं की सचिवावर ‘आगाऊ’ वाटपाचा दबाव येतो. मंजुरीआधी वाटलेला बोनस ऑडिटरच्या शेऱ्यात दोन वर्षं छळतो. आणि वाटप पुढच्या आर्थिक वर्षात होत असल्यानं ती रोकड एप्रिल ते ऑक्टोबर हलवायची नाही, मुदत ठेवीत ठेवा.

काही सभासद पुष्टकाळात आम्हाला दूध घालतात आणि दर चढला की खासगीवाल्याकडे जातात. त्यांनाही पूर्ण बोनस?

बोनस घातलेल्या दुधाच्या प्रमाणात असल्यामुळे त्यांना आपोआप कमीच मिळतो. तरीही वर सांगितलं तसं, कृशकाळात दूध निघून गेलं की राहिलेल्यांच्या दुधावर शीतकरणाचा बोजा पडतो. त्यामुळे वर्षात किमान इतके दिवस किंवा इतके लिटर दूध घातलेलं असावं, अशी अट घालणं योग्य आहे. ती पोटनियमात असावी, नुसत्या संचालक मंडळाच्या ठरावावर टिकत नाही. गाय आटलेली असणं, लम्पी किंवा लाळ्या-खुरकतानं जनावर बसलेलं असणं याला सूट ठेवा, पण पशुवैद्यकाचा कागद मागा. बिगरसभासदाचं दूध घेत असाल तर त्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. बोनस सभासदासाठी असतो आणि आयकरातली सवलतही सभासदांच्याच दुधाला मिळते.